एक्स स्क्वेअरची रिकामी जागा

हरकतीच्या दिवशी हरकत घ्यायला सहसा कुणी येत नाही, हा भाईदास सरांच्या क्लासचा जुना अनुभव होता. येतात ते पेपर बघायला, मार्कांची बेरीज पुन्हा करायला आणि बेरीज बरोबर निघाली की तोंड पाडून निघून जायला. म्हणून त्या टेबलावर नेहमी जी बाई रिकामी असेल तिला बसवायचं. या वर्षी दिपमाला रिकामी होती.

तिच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बाजूला छापील उत्तरांचा कागद आणि गठ्ठ्यावर उताणा ठेवलेला फोन. क्लासमध्ये फोन वापरायला मनाई होती, पण तिला सवलत होती. जाई दोन वर्षांची, कालपासून अंग कोमट. घरी मोठ्या जावेकडे, रूपाअक्काकडे ठेवली होती. सकाळी एक मेसेज आला होता, "खिचडी खाल्ली अर्धी." अर्धी म्हणजे अर्धी वाटी की अर्धा घास, हे दिपमालाने तीनदा विचारायला घेतलं आणि तीनदा पुसलं. जाऊ बोलायला चुकायची नाही, "एवढी काळजी तर घरी बैस ना मग."

घरी बसणं परवडणारं नव्हतं ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. फळ्यासमोर उभी राहिली की तेवढा वेळ तिला जाईचा विसर पडायचा, आणि तो विसर तिला औषधासारखा लागायचा. नवरा, नवल, वरणगावच्या फॅक्टरीत; शनिवारी यायचा, रविवारी जायचा. उरलेले दिवस धुळ्याच्या घरात सासू, जाऊ, भाऊजी आणि अक्काचा प्रेमराज.

तो प्रेमराज यादीत पहिला होता.

यादी दारावरच चिकटवली होती. बारावी-सीईटीच्या बॅचसाठी क्लासने एक सीट ठेवली होती, शिकवणी, पुस्तकं आणि हॉस्टेल सगळं फुकट. जो पहिला येईल त्याची. प्रेमराज अभिमन, दोनशेपैकी एकशे एक्कावन. दुसरी रोहिणी लखन, एकशे अठ्ठेचाळीस. प्रेमराजला हॉस्टेलची गरजच नव्हती, त्याचं घर क्लासपासून चालत जाण्यासारखं. पण फुकट ते फुकट. अक्काने काल संध्याकाळीच गल्लीत सांगून ठेवलं होतं.

अकराच्या सुमारास दारात दोघी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी शिडशिडीत, वेणी कानामागे घट्ट, हातात पेन. मागे आई, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि जमिनीकडे न बघता सरळ समोर बघणारी नजर.

"हरकत इथंच का?" मुलीने विचारलं.

"इथंच. नाव?"

"रोहिणी. शिरपूरच्या वरच्या अंगाला आश्रमशाळा आहे, तिथली."

"बसा ना."

"बसायला नाही आलो," आई म्हणाली. तिचं नाव बिजलीबाई. "साडेतीनची गाडी शे. तिचं काय ते बघा ताई, पटकन."

दिपमालाने गठ्ठ्यातून रोहिणीचा पेपर काढला. अशा वेळी मुलं बहुधा भौतिकशास्त्रावर बोट ठेवतात. रोहिणीने गणिताच्या सदतिसाव्या प्रश्नावर ठेवलं. लिमिटचा प्रश्न होता.

x जेव्हा १ कडे जातो तेव्हा (x³ − 3x + 2) ÷ (x³ − x² − x + 1) ची किंमत काढा. पर्याय चार: शून्य, एक, तीन छेद दोन, अस्तित्वात नाही.

रोहिणीने 'तीन छेद दोन'वर टिक केली होती. क्लासच्या कागदावर उत्तर होतं 'अस्तित्वात नाही'. गणिताच्या एका प्रश्नाला दोन मार्क. तिला शून्य.

"एक टाकला की वर शून्य, खाली शून्य," दिपमाला सवयीने बोलायला लागली. "म्हणजे x − 1 हा अवयव वरही लपलेला आहे, खालीही. तो काढायचा, दोन्हीकडून छाटायचा. काढायला सिंथेटिक डिव्हिजन. केलीस ना?"

"केली मॅडम. आमी संश्लेषक म्हणतो. पण तुमच्या कागदावर जी केली ती कच्ची शे."

"कच्ची?"

"बघा की."

दिपमालाने छापील उत्तराचा कागद ओढला. आतापर्यंत तिने तो वाचलाच नव्हता. उत्तरं जळगाव शाखेतला एक मुलगा काढून टाईप करायचा, आणि सरांकडून छापून आली की ती वेदवाक्य. सदतिसाव्याखाली लिहिलं होतं: वरच्या बहुपदीचे सहगुणक एक, उणे तीन, दोन. एकने भागलं. एक खाली उतरला. एक आणि उणे तीन मिळून उणे दोन. उणे दोन आणि दोन मिळून शून्य. बाकी शून्य, म्हणून अवयव निघाला, भागाकार x − 2. खाली भागाकार x² − 1. आता एक टाका. वर उणे एक, खाली शून्य. म्हणून लिमिट अस्तित्वात नाही.

तिची नजर पहिल्याच ओळीवर थबकली. सहगुणक तीनच. घनाचे चार हवेत. x³ नंतर x² येतो. इथे तो नाही, तर त्याच्या जागी शून्य मांडायचं असतं. मांडलंच नव्हतं. एक, शून्य, उणे तीन, दोन असं असायला हवं होतं. कुणीतरी शून्य गिळलं आणि घनाचा भागाकार एकाच घाताचा निघाला तरी त्याला काही खटकलं नाही.

"बाकी शून्यच आली, म्हणून कळलं नाही त्यांना," ती स्वतःशीच म्हणाली. "एकने भागताना बाकी म्हणजे नुसती सहगुणकांची बेरीज. शून्य मांडा नाहीतर नका मांडू, बेरीज तीच. चूक करूनही बाकी शून्य."

"आमचे सर हजेरी घेतात तसं सांगतात," रोहिणी म्हणाली. "जो आला नाही त्याचं नावबी पुकारायचं. पुकारलं नाही तर मागच्या सगळ्यांचे नंबर पुढे सरकतात."

बिजलीबाई हसली. "तिचं सगळं घरीबी असंच शे. जो नाही त्याचं आधी बोलते."

दिपमालाने पेन्सिल घेतली. उत्तर तिला दिसत होतं, तरी हाताने करून बघितल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. एक, शून्य, उणे तीन, दोन. एक खाली उतरला. एकने गुणून शून्याखाली; बेरीज एक. तो उणे तीनखाली, उणे दोन. तो दोनखाली, शून्य. भागाकार x² + x − 2. छेदाचे सहगुणक एक, उणे एक, उणे एक, एक. त्याचा भागाकार एक, शून्य, उणे एक. तिथे शून्य आपोआप आलं. x² − 1.

"आता एक टाकला तर पुन्हा शून्य वर शून्य," रोहिणी म्हणाली. "अवयव अजून एकदा लपला होता. दोनदा भागलं मी. मग वर एक, दोन. खाली एक, एक."

"x + 2 वर x + 1. एक टाका. तीन छेद दोन."

दिपमालाने खात्रीसाठी फोनच्या कॅल्क्युलेटरवर एक पूर्णांक एक दशांश टाकून बघितलं. दीडच्या जवळ, जरा कमी. संशयाला जागाच नव्हती.

"म्हणजे मला दोन मार्क?" रोहिणीने विचारलं.

"हो."

"आणि ज्यांनी ते दुसरं लिवलं, त्यांचे दोन जातील?"

दिपमालाची नजर गठ्ठ्याकडे गेली. प्रेमराजचा पेपर गठ्ठ्यात वरच होता. सदतिसावा, टिक 'अस्तित्वात नाही'. त्याचे दोन गेले की एकशे एकोणपन्नास. रोहिणीचे दोन आले की एकशे पन्नास. एका मार्काने सीट हातची जायची, आणि तीही कुणाच्या हातची? ज्या घरात या घडीला तिची पोर कुणाच्या तरी मांडीवर होती, त्या घरातली.

तिने गठ्ठा सारखा केला. मग तोच पुन्हा सारखा केला.

"तुम्ही बाहेर थांबा. मी सरांना दाखवून येते."

"थांबतो," बिजलीबाई म्हणाली. "साडेतीनपर्यंत."

केबिनमध्ये भाईदास सर चहा पीत होते. गोल चेहरा, मोठा आवाज, स्वभाव मोकळा. मुलांच्या पाठीवर थाप मारून "काय रे, बठ्ठं पाठ शे ना?" असं विचारणारे. त्यांच्या मागे भिंतीवर गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो, आणि टेबलावर यंदाच्या बॅनरची गुंडाळी. एक टोक उलगडलेलं होतं. त्यात प्रेमराजचा अर्धा चेहरा.

दिपमालाने कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चहाचा कप बाजूला केला. त्यांना सिंथेटिक डिव्हिजन करायची हौस नव्हती. ते थेट डिफरन्शिएट करायचे. पेन फिरला. वर तीन x² वजा तीन. खाली तीन x² वजा दोन x वजा एक. एक टाकला, शून्य वर शून्य. पुन्हा डिफरन्शिएट केलं. सहा x, आणि सहा x वजा दोन. सहा छेद चार.

"तीन छेद दोन," ते म्हणाले, आणि कप परत पुढे ओढला. "कोणी पकडलं?"

"शिरपूरकडची मुलगी आहे. दुसरी आली ती."

"हुशार दिसते. जळगावच्या पोराने उत्तर काढताना शून्य खाल्लं बघा." त्यांनी कागद दुमडला. "बसा मॅडम. प्रेमराज तुमचा पुतण्या ना?"

"हो."

"मग हे तुम्ही घेऊन आलात?"

यात कौतुक होतं की टोमणा, ते कळायला मार्ग नव्हता. दिपमाला उभीच राहिली. "उत्तर चुकलं आहे सर. उत्तरांचा कागद दुरुस्त करून यादी नव्याने लावावी लागेल."

"लावू की. पण जळगावची सीट मी परवाच देऊन टाकली. तिथेही हाच पेपर, हीच उत्तरं. इथे उत्तर बदललं की तिथे बदलावं लागेल. तिथल्या पोराच्या बापाने गावात पेढे वाटले. त्याला काय सांगू, की आमच्या माणसाला घनाचे सहगुणक मोजता येत नाहीत? दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे पालक ॲडमिशनची फी परत मागायला उभे."

"पण चूक तर चूकच आहे ना सर."

"चूक आहे. मी कुठे नाही म्हणतो?" ते हसले. "सरकारी परीक्षेत प्रश्न वादात गेला की काय करतात? सगळ्यांना मार्क. आपणही करू. सदतिसावा प्रश्न संदिग्ध, म्हणून सर्वांना दोन. त्या मुलीला तिचे दोन मिळाले. कुणाचे काही गेले नाहीत. सांगा, अन्याय कुणावर झाला?"

दिपमालाच्या डोक्यात आकडे आपोआप फिरले. रोहिणी एकशे पन्नास. प्रेमराजला दोन आधीच मिळाले होते, तो जिथे होता तिथेच, एकशे एक्कावन. एक मार्क. एका मार्काने जी सीट रोहिणीची झाली असती, ती आता एका मार्काने प्रेमराजकडेच राहत होती.

"सर, तो प्रश्न संदिग्ध नाही. त्याचं एकच उत्तर आहे. सगळ्यांना दोन दिले तर ज्याचं चुकलं त्यालाही मिळतात, आणि मग..."

"आणि मग तुमचाच पोर पहिला राहतो," सरांनी वाक्य पुरं केलं. "मी तर म्हणतो, देव तुमच्या बाजूने आहे. तुम्ही का देवाशी भांडता?"

बाहेर कुणीतरी बाकं सरकवत होतं. सरांनी आवाज खाली आणला.

"हे बघा मॅडम. जूनचं टाइमटेबल अजून व्हायचं आहे. तुम्ही अकरा ते दोन मागितलं होतं, मुलीसाठी. मी ते बाजूला ठेवलंय तुमच्याकरता. सकाळी सहाची बॅच दुसऱ्या कुणाला देतो. घरी लहान लेकरू असलं की माणसाने किती ठिकाणी लढायचं, याचाही हिशेब असतो ना?"

धमकी त्यात शोधली तर सापडेल, नाही शोधली तर आपुलकी. तिच्या हातातला फोन थरथरला. अक्काने फोटो पाठवला होता. जाई उशीवर झोपलेली, गाल लाल. खाली लिहिलं होतं, "थंड पट्टी ठेवली. उतरतो आहे."

दिपमालाने तो फोटो मोठा करून बघितला. गाल, ओठ, कपाळावरची पट्टी. मग पट्टी ठेवणाऱ्या हातातल्या हिरव्या बांगड्या.

"नोटीस कोण लिहिणार?" तिने विचारलं.

"मी सांगतो, तुम्ही लिहा. अक्षर तुमचं चांगलं."

तिने लिहिलं: 'प्रश्न क्रमांक सदतीस संदिग्ध असल्याचे विषयशिक्षकांच्या निदर्शनास आल्याने सर्व विद्यार्थ्यांना पूर्ण गुण देण्यात येत आहेत. निवड यादीत बदल नाही.' खाली 'विषयशिक्षक' आणि एक रेघ.

"सही करा," सर म्हणाले.

छाटताना एक नियम असतो, हे तीच मुलांना सांगत आली होती. वर आणि खाली दोन्हीकडे खरोखर असेल तेच छाटायचं. एकीकडे असलेलं दुसरीकडे आहे असं मानून छाटलं की उत्तर दिसायला नीटनेटकं येतं आणि खोटं असतं. ती हे गेल्या महिन्यातच फळ्यावर लिहून आली होती. तिने पेन टेकवला. सही झाली तशी छोटीशी, नेहमीसारखी.

सव्वातीनला नोटीस दारावर चिकटली. वऱ्हांड्यात बिजलीबाई पिशवी काखोटीला मारून बसली होती. रोहिणी उभीच होती, चार तासांत ती बसलीच नव्हती असं वाटलं. तिने नोटीस वाचली. खाली बोट फिरवत नाही, ओठ हलवत नाही, अशी सरळ वाचली.

"काय लिवलं?" आईने विचारलं.

"मला दोन दिले."

"मग?"

"मग काय. सगळ्यांनाच दिले. मी एकशे पन्नास. तो एक्कावन."

बिजलीबाईला आकड्यांचं एवढं कळलं नाही, पण मुलीचा आवाज कळला. "आणि ते पहिलं काय म्हणतात, संदी..."

"संदिग्ध. म्हणजे ज्याचं उत्तर कुणालाच नक्की सांगता येत नाही, असं." रोहिणी वळली. दिपमाला टेबलाशी उभी होती, गठ्ठा बांधत. "मॅडम, उत्तर सही होतं ना माझं?"

"सही होतं."

"मग तुमी सही त्याच्यावर का नाही केली? याच्यावर का केली?"

टेबलाशी दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. दिपमालाने गठ्ठ्याची गाठ अर्धवट सोडली. "रोहिणी, ऐक माझं. सरांनी... मी तुझं सांगितलं होतं त्यांना, शपथ. तुला मी फोनवर शिकवते. नोट्स पाठवते सगळ्या, क्लासच्या. पैसे नाही घेणार मी."

"नोट्स?" रोहिणी हसली, मोठ्या माणसांसारखं, एका बाजूने. "त्यात तर तीनच सहगुणक असतात ना मॅडम."

"असं नको बोलू."

"मी वर्षभर आमच्या सरांना सांगत होते, धुळ्याला गेले की तिथले मॅडम-सर चुकत नसतील. ते म्हणायचे, चुकतात ग, पण त्यांना सांगितलं की दुरुस्त करतात. एवढंच सांगायचं त्यांना आता, की केलं दुरुस्त. दोन मार्क आले."

बिजलीबाई उठली. पदर सावरला. तिने दिपमालाकडे नीट बघितलं, रागाने नाही, बाजारात एखादा माल हातात घेऊन परत ठेवावा तसं. "ताई, तुमालाबी पोर शे का?"

"हो. दोन वर्षांची."

"आजारी शे?"

"ताप होता. आता कमी आहे." आणि मग तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तो फोन." बिजलीबाईने हनुवटीने टेबलाकडे दाखवलं. "सकाळपासून तेच बघता. जा घरी." आणि मुलीला म्हणाली, "चाल व माय. गाडी चुकली तर इठंच झोपावं लागंल. यांच्याकडे सीट नाही."

दोघी जिन्याने उतरल्या. रोहिणीने वळून बघितलं नाही. दिपमाला खिडकीशी गेली तोवर त्या रस्त्याला लागल्या होत्या. पुढे आई, मागे मुलगी, आणि मुलगी काहीतरी हातवारे करून सांगत होती. बोटाने हवेत ओळ मारून त्याखाली काहीतरी. बहुधा भागाकार समजावून सांगत असेल आईला. किंवा आणखी दुसरंच काही.

घरी जाताना दिपमालाने रिक्षात बसल्या बसल्या उत्तरं तयार केली. मोठ्या जावेला काय सांगायचं, सासूला काय. अक्काला कुणीतरी सांगितलंच असेल, की तुझ्या जावेने तुझ्या पोराची सीट हिसकायला बघितली. अक्का एक शब्द बोलणार नाही. भांडी जरा जोरात ठेवेल. उद्यापासून म्हणेल, माझी कंबर धरली, पोरगी सांभाळवत नाही. आणि वर सर पलटले तर सकाळी सहाची बॅच. हे सगळं तिने मनात एकदा मांडून बघितलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण याच भीतीपोटी सगळं केलं, तर निदान ती भीती तरी खरी ठरायला हवी.

दार उघडंच होतं. ओट्यावर सासू, ताईबाई, वाती वळत बसली होती. "उनी का?" ती म्हणाली. "जा, आत जा. तुनी वाटच बघतस सगळे."

आत अक्का जाईला कडेवर घेऊन उभी होती. जाई जागी, डोळे थकलेले पण स्वच्छ. आईला बघून तिने हात पुढे केले. दिपमालाने घ्यायला हात पुढे केले तर अक्काने जाईला जरा बाजूला केलं.

"थांब. आधी तोंड उघड."

"काय अक्का?"

"उघड म्हणते ना." अक्काच्या हातात पेढा होता. चेहरा हसरा. "भाईदास सरांचा फोन आला होता यांना. सगळं सांगितलं त्यांनी. ती कोण पोर हरकत घेऊन आली, बाजी उलटणारच होती. आणि तू आत जाऊन कसं सांभाळलं. म्हणाले, तुमच्या धाकटीने एक मार्क राखला, नाहीतर गेली होती सीट. किती शहाणी ग तू! कुणाचं दुखवलं नाही, त्या पोरीलाही मार्क दिले, आणि आपल्या पोराचंही राखलं."

दिपमालाला बोलायचं होतं. शब्द तयार होते, पण ते सगळे दुसऱ्याच भांडणासाठी होते.

"मी काही नाही केलं अक्का. उलट मी..."

"करणारे असंच म्हणतात." अक्काने डोळे पुसले. "मी कायम मनात धरलं, की ही शिकलेली, हिला आपल्या पोरांचं काय. आज मी चुकले, हे कबूल करते. जाई जेवढे दिवस माझ्याजवळ राहायची तेवढे राहू दे. तू जा तुझ्या बॅचला. कसलीच काळजी करू नको."

पलीकडे, दाराच्या चौकटीला टेकून प्रेमराज उभा होता. हातात सदतिसावा प्रश्न उतरवलेली वही. त्याने तो पुन्हा सोडवला होता; चार सहगुणकांनी. दिपमालाकडे न बघता तो म्हणाला, "काकू, मला पण ते शून्य दिसलं नव्हतं. आता दिसलं. तीन छेद दोन येतं."

"येतं," दिपमाला म्हणाली.

"मग ती..." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्न येऊन उभा राहिला, पोरकट नव्हता तो. दिपमालाने त्याच्याकडे बघितलं, आणि एका क्षणासाठी तिला वाटलं की हा मुलगा आता बोलेल, आणि मग आपल्यालाही बोलावं लागेल, आणि सगळंच एकदाचं उघड्यावर येईल.

"मग काय रे?" अक्का म्हणाली. "झालं ना सोडवून? जा, काकूला पाणी आण."

प्रेमराजने वही मिटली. तो पाणी आणायला गेला.

"उघड तोंड," अक्का पुन्हा म्हणाली.

कडेवरून जाई आईकडे झेपावत होती आणि अक्काचा दुसरा हात तिला घट्ट धरून होता. पेढा भरवल्याशिवाय तो सुटणार नव्हता. दिपमालाने तोंड उघडलं. पेढा अख्खा होता, एका घासात न मावणारा. तो गालात कोंबून ती चावू लागली, आणि जाई तिच्या ओठांकडे बोट दाखवून आपल्यालाही हवा म्हणून रडायला लागली.